ताप आणि अंगभर पुरळ: या चुका टाळा

मुलाला तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी अंगावर लाल पुरळ. पुरळ कसं दिसतं यावरच सगळे बोलतात. व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, 'गोवर आहे', 'उष्णता आहे' असे निवाडे होतात. खरी खूण ताप आणि पुरळ यांच्या क्रमात असते. पुरळ उठलं तेव्हा ताप उतरला होता की चढत होता, हे आधी आठवा.

समजा चौदा महिन्यांचं बाळ आहे. तीन दिवस १०३ पर्यंत ताप, दुसऱ्या दिवशी कोणीतरी अँटिबायोटिक सुरू केलं. चौथ्या दिवशी ताप गेला, काही तासांत छाती-पाठीवर फिकट गुलाबी ठिपके आले, बाळ मात्र खेळतंय. घरचे औषधाला दोष देतात. बहुतेकदा हा रोझिओला असतो, विषाणूचाच ताप, आणि त्याचं पुरळ दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. तरी औषधाची ॲलर्जी डॉक्टरांनी नाकारायला हवी. खाज, गांधी किंवा ओठांवर सूज असेल तर पुढचा डोस देऊ नका. श्वासाला त्रास असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा.

आता याच बाळाचे डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला आहे, आणि पुरळ कानामागून, केसांच्या कडेपासून सुरू होऊन चेहऱ्यावरून खाली उतरतंय. ताप उतरायच्या ऐवजी पुरळासोबत चढतोय. हा गोवर वाटतो. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडी परिसरात त्याची साथ आली होती. इथली जुनी चूक म्हणजे 'गोवर बाहेर पडू द्या' म्हणून बाळाला गुंडाळून ठेवणं. पुरळ येतं ते येतंच. गुंडाळल्याने ताप वाढतो. पाणी, दूध, पेज चालू ठेवा. गोवरात डॉक्टर वयानुसार जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी देतात, ते चुकवू नका. गोवरानंतर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून श्वास जोरात चालला किंवा छाती आत ओढली गेली तर थांबू नका.

पावसाळ्यात तिसरी शक्यता डेंग्यूची. इथे ताप उतरला म्हणून निश्चिंत होणं हीच मोठी चूक, कारण धोका बहुधा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच असतो. पोटात दुखणं, सतत उलट्या, सुस्ती, हातपाय गार, लघवी कमी, यांपैकी काहीही दिसलं तर हॉस्पिटल. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घरी देऊ नका, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे.

एक तपासणी घरी करता येते. पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबा. दाबूनही डाग मावळला नाही, तर तो कातडीखालचा रक्तस्राव असू शकतो. रात्री दोन वाजले असतील तरी निघा. सावळ्या त्वचेवर हे डाग तळहात, तळपायावर अधिक नीट दिसतात. डाग दाबून मावळला तरी बाळ मलूल असेल तर पेल्यावर विसंबू नका.

गोवराची शंका असेल तर दवाखान्याच्या गर्दीत बसण्याआधी फोन करा. त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि शेजारी एखादं नऊ महिन्यांआतलं, लस न मिळालेलं बाळ बसलेलं असू शकतं.