नायट्रेट मुळात शिरण्यासाठी किती जोर लागतो, हे कसे मोजावे

उसाला घातलेल्या युरियाचे जमिनीतील जिवाणू टप्प्याटप्प्याने नायट्रेट करतात आणि मूलरोम ते उचलतात. कोल्हापूरजवळ पंचगंगाकाठच्या एखाद्या काळ्या रानातील ओलाव्यात नायट्रेट १ मिलिमोलर आणि मूलरोमाच्या पेशीद्रव्यात १० मिलिमोलर आहे, असे उदाहरणासाठी धरू.

प्रथम अडथळा मोजावा. २५ अंश सेल्सिअसला दहापट तफावत म्हणजे ५९ मिलिव्होल्ट. शिवाय पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋण असतो. हा विद्युतदाब १२० मिलिव्होल्ट धरू. नायट्रेटही ऋणभारित असल्याने दोन्ही अडथळ्यांची बेरीज करावी लागते, ती १७९ येते. धनभारित पोटॅशियमला मात्र हाच दाब आत ओढतो, म्हणून केवळ संहती पाहून चढ की उतार हे ठरवू नये.

आता जोर मोजावा. पेशीपटलातील प्रोटॉन पंप एटीपीचा एक रेणू खर्चून एक प्रोटॉन बाहेर टाकतो. तो नायट्रेटला हातही लावत नाही. तो फक्त वरील विद्युतदाब आणि आतबाहेरच्या सामूतील फरक टिकवून ठेवतो. परत आत येऊ पाहणाऱ्या प्रत्येक प्रोटॉनमागे १२० मिलिव्होल्ट आणि सामूच्या प्रत्येक अंकाच्या फरकामागे आणखी ५९ मिलिव्होल्ट जोर असतो. पेशीद्रव्याचा सामू ७.५ आणि मुळालगतचा ५.५ असेल, तर हा जोर २३८ होतो. पण मुळालगतही ७.५ असेल, तर फक्त १२० उरतो, आणि एका प्रोटॉनच्या जोरावर नायट्रेटला १७९ चा अडथळा ओलांडता येत नाही.

सहवहन करणारे प्रथिन मात्र एका नायट्रेटसोबत साधारणपणे दोन प्रोटॉन आत घेते, म्हणजे २४० मिलिव्होल्ट मिळतात आणि काम भागते. याचा पुरावाही सुंदर आहे: मुळाला नायट्रेट देताच पेशीचा आतला भाग काही काळ कमी ऋण होतो. एकास एक प्रमाण असते, तर दोन्ही भार एकमेकांना खोडून टाकते आणि दाब जागचा हलला नसता.

शेवटी पंप बंद पडल्यास काय होते, ते मांडून पाहावे. महापुराचे पाणी रानात साचले की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, एटीपी घटते आणि पंप मंदावतो. विद्युतदाब ६० वर आला आणि दोन्हीकडचा सामू सारखाच राहिला, तर अडथळा ११९ आणि दोन प्रोटॉनांचा जोर १२० होतो, म्हणजे ओढ जवळजवळ शून्यावर येते. पूर ओसरल्यावर ऊस पिवळा पडण्यामागे हे एक कारण असते. साचलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेटचा वायू करतात, हे दुसरे.

पंपाचे काम डोळ्यांनी पाहायचे असल्यास ब्रोमोक्रेसॉल पर्पल मिसळलेल्या, सामू ६ च्या आसपास आणलेल्या अगारवर रोपाचे मूळ ठेवावे. आम्ल सुटते तिथे रंग पिवळा होतो. मात्र रोपाला नायट्रेटच भरपूर दिले असेल, तर आत जाणारे प्रोटॉन बाहेर पडणाऱ्यांपेक्षा जास्त होऊन मुळाभोवती जांभळा रंग दिसू शकतो, आणि तेव्हा पंप बंद आहे असा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्याच रोपाला नायट्रेटऐवजी अमोनियम देऊन पाहावे: पंप चालू असेल, तर पिवळेपणा येतो.