आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉईडची गोळी: हा क्रम बिघडवणाऱ्या चुका टाळा

समजा, ३४ वर्षांची एक बाई दवाखान्यात आली आहे. सहा महिन्यांपासून अंगात त्राण नाही, भूक मेली आहे, वजन पाच किलोंनी उतरलंय, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. टीएसएच ९, फ्री टी-४ खालच्या मर्यादेला टेकलेलं. निदान सोपं वाटतं आणि लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू होतं. दहा दिवसांनी ती मळमळ आणि पोटदुखी घेऊन परत येते. ‘डोस कमी पडतोय’ म्हणून ७५ केला जातो. आणखी चार दिवसांनी ती उलट्यांनी बेजार होऊन इमर्जन्सीत पोचते: रक्तदाब ८०/५०, सोडियम १२४, पोटॅशियम ५.९.

गोळीने नेमकं काय केलं?

या बाईच्या ॲड्रिनल ग्रंथी जेमतेम थोडं कॉर्टिसॉल बनवत होत्या. थायरॉईड मंद असलं की यकृतात कॉर्टिसॉल मोडण्याचा वेगही मंदावतो, म्हणून ते थोडंसं कॉर्टिसॉल जास्त वेळ टिकतं. शरीराची एकूण गरजही कमी असते. म्हणजे एका ग्रंथीची मंदी दुसरीची तूट झाकून ठेवते. थायरॉक्सिन मिळालं की दोन्ही गोष्टी एकदम उलटतात: कॉर्टिसॉल झपाट्याने मोडलं जातं आणि गरज वाढते. निरोगी ॲड्रिनल उत्पादन वाढवून ही तूट भरून काढते. आजारी ॲड्रिनल ती भरून काढू शकत नाही, आणि मग ॲड्रिनल क्रायसिस येते.

गोळी आता बंद केली तरी लगेच सुटका नाही. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं.

पहिली चूक: एकट्या टीएसएचवर विश्वास

कॉर्टिसॉल टीएसएचला दाबून ठेवतं. ते कमी पडलं की थायरॉईड धडधाकट असूनही टीएसएच थोडं वर जातं, बहुधा १०च्या आत. त्यामुळे टीएसएच ९ म्हणजे थायरॉईडचाच आजार असं नाही. आपल्या केसमध्ये खूण समोरच होती: थायरॉईड मंद असताना वजन सहसा वाढतं, हिचं घटत होतं. हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेषांत काळसरपणा, खारट खावंसं वाटणं, कमी सोडियम, जास्त पोटॅशियम यांतलं काहीही दिसलं तर गोळी लिहिण्याआधी सकाळी ८च्या सुमारास कॉर्टिसॉल तपासा. ते ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर तूट जवळजवळ नक्की. मधलं आलं तर एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट करावी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा फसवा वाढलेला दिसू शकतो, हे विचारायचं राहून जातं.

दुसरी चूक: पोटॅशियम नॉर्मल, म्हणून निर्धास्त

मला जास्त धास्ती या प्रकाराची वाटते. दोष पिट्युटरीत असेल तर त्वचा काळवंडत नाही आणि पोटॅशियमही वाढत नाही, कारण अल्डोस्टेरॉन शाबूत असतं. फ्री टी-४ कमी, पण टीएसएच नॉर्मल किंवा कमी, अशी जोडी दिसली की कॉर्टिसॉल पाहिल्याशिवाय थायरॉक्सिन देऊ नये. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, दूध आलं होतं का, पाळी परत सुरू झाली का, हे तीन प्रश्न शीहान सिंड्रोमपर्यंत, म्हणजे बाळंतपणातल्या रक्तस्रावाने निकामी झालेल्या पिट्युटरीपर्यंत पोचवतात.

क्रम कसा लावायचा

इमर्जन्सीत पोचलेल्या त्या बाईचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी रक्त घेतलं जातं, पण रिपोर्टची वाट पाहिली जात नाही. कॉर्टिसॉलची तूट भरायला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत सलाईन, मग २४ तासांत २०० मिलिग्रॅम. थायरॉक्सिन तूर्त थांबवतात. प्रकृती सावरल्यावर तोंडाने हायड्रोकॉर्टिसोन १०, ५, ५ मिलिग्रॅम असं तीन वेळा, आणि ॲड्रिनलचाच आजार असल्याने फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम. आठ आठवड्यांनी तिचं टीएसएच ३.८ येतं. थायरॉईडची गोळी तिला लागणारच नव्हती.

टीएसएच ६० आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असतं, तर गोष्ट वेगळी. दोन्ही ग्रंथींचा असा ऑटोइम्यून आजार एकत्र येतो, त्याला श्मिट सिंड्रोम म्हणतात. तिथे हायड्रोकॉर्टिसोन सुरू करून काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग २५ ते ५० मायक्रोग्रॅमपासून थायरॉक्सिन चढवायचं. थायरॉईडच्या टोकाच्या कमतरतेत येणाऱ्या मिक्सिडीमा कोमात मात्र एवढी उसंत नसते. तिथे आधी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून आणि पाठोपाठ लगेच थायरॉक्सिन.

वर्षानुवर्षं थायरॉक्सिन घेणाऱ्याला नव्याने ॲड्रिनलचा आजार निघाला, तर त्याने घाबरून गोळी स्वतःच सोडू नये. त्याला त्याच दिवशी हायड्रोकॉर्टिसोन हवं.