गणिताचा खडू : एका शैक्षणिक वाहिनीचे नाव, थंबनेल आणि सदरे ठरवताना

दहावीच्या गणिताचे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकू लागलो तेव्हा वाहिनीच्या नावावर अर्धा तासही खर्च केला नव्हता. क्लासमध्ये शिकवताना फळ्यामागच्या भिंतीवर ‘ज्ञान’ हा शब्द असलेली एक पाटी होती. तोच शब्द घेऊन त्याला ‘अकादमी’ जोडले आणि काम सुरू केले. अडतीस व्हिडिओ झाल्यावर ते नाव बदलावे लागले. त्या वेळी जे शिकायला मिळाले, ते नव्याने मराठी शैक्षणिक वाहिनी सुरू करणाऱ्यांना आधीच ठाऊक असावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आधीच्या नावातील अडचण ‘ज्ञ’ या एका अक्षरात होती. आपले विद्यार्थी मराठीत शिकतात, परंतु मोबाइलवर शोधताना बहुतेक जण रोमन अक्षरे टाइप करतात. ‘ज्ञान’ कोणी dnyan लिहितो, कोणी gyan, कोणी dnyaan, तर कोणी jnan. वर्गात ज्यांना मी स्वतः नाव सांगितले होते, त्यांनाही वाहिनी सापडत नव्हती आणि ती मुले भलत्याच हिंदी वाहिनीवर जाऊन पोहोचत होती. यावरून मी एक साधी चाचणी ठरवली. विचाराधीन नाव पाच जणांना फोनवरून केवळ ऐकवायचे, ते टाइप करून पाठवायला सांगायचे आणि पाचही जणांचे स्पेलिंग जुळते का ते पाहायचे. पाच जणांत एखादे आठवी-नववीचे मूल आणि एखादे पालक असलेच पाहिजेत, कारण वाहिनी शोधणारे तेच असतात.

या चाचणीत माझी आवडती नावे एकामागून एक गळाली. ‘गणिताची पाटी’ हे नाव मनात पक्के झाले होते, भाच्याने ते ganitachi pati असे लिहून पाठवले आणि वाचणाऱ्या माझ्या बहिणीने विचारले, “गणिताचा पती कोण?” ‘फळा’ या शब्दात fala की phala हा घोळ झाला, तर ‘वही’ लिहिताना तिघांनी v आणि दोघांनी w वापरला. ‘खडू’ मात्र सर्वांनी khadu असाच लिहिला. ‘गणिताचा खडू’ हे नाव अशा रीतीने ठरले. मराठी नाव निवडताना ज्ञ, व, फ, च्च यांसारखी अक्षरे आणि शब्दाच्या मध्यभागी येणारा दीर्घ आकार यांकडे संशयाने पाहावे, असे मी आता सांगतो. ‘दहावी’ हा शब्द नावात घालण्याचा मोह मी टाळला, कारण उद्या नववीचा भाग घ्यायचा झाल्यास तेच नाव आडवे येते. इयत्ता व्हिडिओच्या शीर्षकात लिहावी.

वाहिनीचे नाव देवनागरीत ठेवले, हँडल मात्र @ganitachakhadu असे रोमनमध्ये घेतले. देवनागरीतला पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की पुष्कळदा %E0%A4 अशा चिन्हांची माळ होते आणि पालकांना ती लिंक फसवी वाटते. यूट्यूबवर नाव आणि हँडल 14 दिवसांत दोनदाच बदलता येते, त्यामुळे प्रयोग कागदावर करून घ्यावेत. नाव बदलण्याचे खरे कष्ट पुढेच असतात. थंबनेल नवे चढवता येते, परंतु प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. माझ्या अडतीसही व्हिडिओंच्या सुरुवातीला जुने नाव उच्चारणारी नऊ सेकंदांची धून होती. यूट्यूब स्टुडिओतील संपादनाच्या सोयीने ती एकेक करून कापण्यात दोन रविवार गेले.

नावामुळे थंबनेलचा बराचसा प्रश्न आपोआप सुटला. खडू म्हटल्यावर पार्श्वभूमी फळ्याच्या गडद हिरव्या रंगाची, अक्षरे पांढरी आणि ज्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे तेवढीच पिवळ्या खडूने. चौथा रंग वापरायचा नाही, हा नियम मी अजून मोडलेला नाही. थंबनेल 1280 बाय 720 पिक्सेलचे करतात, परंतु मोबाइलच्या शोधयादीत ते अंगठ्याएवढेच दिसते. उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची वेळ येऊन बसते आणि अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओच्या तळाशी लाल रेघ येते. म्हणून तळाची पट्टी आणि तो कोपरा रिकामा सोडावा. माझ्या पहिल्या काही थंबनेलांमध्ये उत्तराचा शेवटचा अंक नेमका त्या कोपऱ्याखाली दडलेला होता.

देवनागरीच्या खास अडचणी मात्र इंग्रजीतून थंबनेल शिकवणारे कोणी सांगत नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-रकार यांची जागा लागते, त्यामुळे त्याच मापात रोमनच्या तुलनेत अक्षर लहान दिसते आणि दोन ओळी जवळ घेतल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. यावर उपाय एकच, ओळ एकच ठेवावी आणि शब्द तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय देवनागरीसाठी कधीही वापरू नये, कारण शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जाड काळी किनार दिल्यास ध, भ, क्ष यांच्या पोटातली जागा बुजते व लहान आकारात नुसता ठिपका उरतो. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे. तो नसेल तर ‘गणित’मधली वेलांटी णच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरांत हलन्त उघडा दिसतो. परीक्षा म्हणून ‘दुसऱ्या अंकगणिती श्रेढीचे सूत्र’ एवढे टाइप करावे. त्यात र्‍याचा अर्धा र, श्र, वेलांटी आणि उकार असे सगळे येते. फॉन्टमधले ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. हिंदी वळणाचा ‘ल’ चुकीचा नसतो, पण आपल्या पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या डोळ्याला तो पाहुणा वाटतो. मी ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेच्या ‘मुक्ता’ या मोफत फॉन्टची सर्वांत जाड वजने वापरतो.

थंबनेलवर काय लिहावे, हे एका उदाहरणावरून सांगतो. बीजगणिताच्या पुस्तकातील वर्गसमीकरणांच्या प्रकरणात सूत्रपद्धतीचा सरावसंच आहे. त्यावरील माझ्या पहिल्या थंबनेलवर ‘वर्गसमीकरणे – सूत्रपद्धत – सरावसंच 2.4 – संपूर्ण स्पष्टीकरण’ असा मजकूर, माझा फोटो आणि जुने चिन्ह एवढे सगळे होते. मोबाइलवर त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. शिवाय शीर्षकात जे लिहिले आहे तेच चित्रात पुन्हा लिहिल्याने हाती काही लागत नाही. नव्या आवृत्तीत मी वर्गात वारंवार दिसणारी चूक घेतली. x² − 7x + 10 = 0 हे समीकरण सोडवताना b ची किंमत −7 आहे, म्हणून सूत्रातील −b ची किंमत +7 येते; पुष्कळ मुले तेथे पुन्हा −7 लिहितात आणि 2 व 5 या मुळांऐवजी −2 व −5 लिहून मोकळी होतात. फळ्यावर मोठ्या अक्षरांत −b = −7 एवढेच लिहिले, दुसऱ्या उणे चिन्हाभोवती पिवळे वर्तुळ काढले आणि वर ‘चूक कुठे?’ असे दोन शब्द ठेवले. डाव्या वरच्या कोपऱ्यात लहान पट्टीवर ‘2.4’ आहे, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री आलेला विद्यार्थी तोच आकडा शोधत असतो. ‘विवेचक’, ‘अंकगणिती श्रेढी’ यांसारख्या पुस्तकी संज्ञा शीर्षकात जशाच्या तशा ठेवतो, तेथे सोपे पर्यायी शब्द घालत नाही.

नवे थंबनेल बरे आहे की नाही, हे पाहताना एक घोटाळा होतो. शोधातून आलेल्या प्रेक्षकाला नेमके तेच हवे असते, त्यामुळे तो सहज क्लिक करतो. मुख्य पानावर योगायोगाने दिसलेल्या व्हिडिओचे तसे नसते. म्हणून क्लिकांच्या प्रमाणाची तुलना एकाच मार्गाने आलेल्या प्रेक्षकांत करावी. यूट्यूबच्या चाचणीत एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावता येतात, परंतु तेथे निवड पाहण्याच्या वेळेवरून होते, क्लिकांवरून नव्हे. आणि लहान वाहिनीच्या बाबतीत बहुधा निर्णायक उत्तर मिळतच नाही. मी अजूनही प्रत्येक चित्र व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो, हात लांब करून फोन धरतो आणि वाचता येत नसेल तर एक शब्द कमी करतो.

सदरांच्या बाबतीत पहिली चूक अशी झाली की मला आवडणारी गोष्ट मी सदर म्हणून ठेवली. दर व्हिडिओच्या मध्यभागी एक ‘गणिती कोडे’ असे. प्रेक्षक कुठे थांबतात आणि कुठून निघून जातात हे दाखवणारा आलेख पाहिला, तर कोड्याच्या पहिल्या काही सेकंदांतच रेषा खाली कोसळत होती; मुले सरावसंच सोडवायला आली होती आणि मी त्यांना अडवून ठेवत होतो. कोडे बंद केले. त्या जागी उत्तरपत्रिकेतूनच निघणारी दोन सदरे आली. पहिले ‘कच्चं काम’, ज्यात पडद्याच्या उजव्या कडेला समास आखून त्यात वर्गमूळ, भागाकार असे सगळे आकडेमोडीचे काम न गाळता करायचे. दुसरे ‘गुण कुठे गेले?’, ज्यात तेच उदाहरण चुकीच्या पायऱ्यांसह लिहून तपासणारा कोणत्या ओळीवर थांबेल ते दाखवायचे. (‘कच्चं’ या शब्दाचे रोमन स्पेलिंग कोणत्याही दोघांचे जुळत नाही. वाहिनीचे नाव म्हणून तो कधीच चालला नसता. पण सदराचे नाव कोणी शोधत नाही, ते व्हिडिओत बोलले जाते, म्हणून तेथे बोलीतला अनुस्वारही शोभतो.)

सदर ओळखू येण्यासाठी त्याचे नाव, पडद्यावरची जागा आणि सुरुवातीचा आवाज दर वेळी तोच असावा लागतो. माझ्याकडे तो आवाज म्हणजे फळ्यावर खडू दोनदा टेकवल्याचा आहे, एका सेकंदापेक्षाही कमी. वर्णनात सदरांच्या वेळा पुढीलप्रमाणे लिहिल्या की पट्टीवर त्यांचे भाग पडतात. पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन नोंदी क्रमाने लागतात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी हवा.

```
00:00 आजचे उदाहरण
01:10 b चे चिन्ह आणि सूत्र
05:40 कच्चं काम
08:15 गुण कुठे गेले?
```

भाग पाडल्यावर काही मुले थेट ‘कच्चं काम’वर उडी मारतात आणि पाहण्याचा एकूण वेळ थोडा घटतो. मी ते चालवून घेतले, कारण तीच मुले पुढच्या सरावसंचाला परत येताना दिसली. संभाव्यतेच्या एका व्हिडिओत आकडेमोड अगदी किरकोळ होती, म्हणून मी ते सदर गाळले, दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला, “सर, समास आखलाय, मग कच्चं काम कुठंय?” आखलेला रिकामा समास मी काढायला विसरलो होतो. आता आकडेमोड नसेल त्या दिवशी समासात नमुना अवकाशातील घटक मोजून दाखवतो.