एल-४ चा पेडिकल स्क्रू: या चुका टाळा

कमरेच्या फ्यूजनमध्ये स्क्रू कुठे जाणार, हे हाडाला पहिलं भोक पडतानाच बऱ्याच अंशी ठरतं. उदाहरण म्हणून एल-४ आणि एल-५ घेऊ. एल-४ मणका पुढे सरकलेला आहे, फॅसेट सांधे झिजून फुगले आहेत आणि पेशंट साठीच्या पुढचा आहे. नेहमी दिसणारी केस, आणि चुका होतात त्याही अशाच केसमध्ये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. एल-४ ची नर्व्ह रूट एल-४ च्या पेडिकलच्या आतल्या भिंतीला लागून उतरते आणि खालच्या भिंतीखालून बाहेर पडते. त्यामुळे स्क्रू आत किंवा खाली गेला, तर तो थेट नसेला भिडतो. वर किंवा बाहेर गेला, तर नसेला धोका कमी असतो. मात्र बाहेर गेलेल्या स्क्रूची हाडातली पकड कमी होते.

पहिली चूक: फुगलेल्या फॅसेटवरून जागा धरणे

एल-४ साठी प्रवेशबिंदू शोधताना तीन खुणा बघतात: ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या मध्यावरून जाणारी आडवी रेषा, वरच्या आर्टिक्युलर प्रोसेसची बाहेरची कड आणि पार्स. या जिथे मिळतात, तिथे मॅमिलरी प्रोसेसचा छोटा उंचवटा असतो. फॅसेट फुगला की ही कड ऑस्टिओफाइटखाली लपते आणि भोक नकळत मध्यरेषेकडे सरकतं. तिथून नेहमीचा आतला कोन ठेवला की स्क्रू कॅनॉलच्या दिशेने जातो. शिवाय एल-३ आणि एल-४ मधला, फ्यूज न होणारा सांधाही दुखावतो. म्हणून ट्रान्सव्हर्स प्रोसेसचं मूळ नीट दिसेपर्यंत बाहेरच्या बाजूचे स्नायू सोडवा आणि वाढलेलं हाड रोंजरने काढा. या कामात वेळ जातो, पण घाई करण्याची जागा ही नव्हे.

दुसरी चूक: स्नायूंच्या दाबापुढे कोन सोडणे

वरच्या लंबर मणक्यांत आतला कोन साधारण ५ ते १० अंश असतो आणि एल-५ ला तो २५ च्या आसपास पोहोचतो. एल-४ चा कोन या दोन्हींच्या मधला असतो, पण नेमका आकडा त्याच पेशंटच्या सीटीच्या आडव्या कापावर मोजा. पेडिकलची रुंदी आणि स्क्रूची लांबीही तिथेच मोजून ठेवा. प्रत्यक्षात जाड स्नायू प्रोबची मूठ मध्यरेषेकडे ढकलतात, कोन कमी होतो आणि टोक बाहेरच्या भिंतीतून निसटतं. अशा वेळी प्रवेशबिंदू आत आणू नका. रिट्रॅक्टर पुन्हा लावा किंवा छेद वाढवा.

गिअरशिफ्ट प्रोबचं वाकडं टोक सुरुवातीला बाहेरच्या दिशेला ठेवतात. साधारण २० मिमी आत गेल्यावर प्रोब काढून टोक आतल्या दिशेला फिरवतात. कारण कॅनॉल शेजारी आहे तो या पहिल्या टप्प्यातच. त्यापुढे मणक्याची बॉडी लागते.

तिसरी चूक: फक्त लॅटरल फिल्मवर विसंबणे

लॅटरल व्ह्यूमध्ये आत गेलेला स्क्रूही देखणा दिसतो. एपी व्ह्यू घ्या, तोही खरा: एंडप्लेटची एकच रेघ आणि स्पायनस प्रोसेस दोन्ही पेडिकलच्या बरोबर मधोमध. सुरुवातीला टोक पेडिकलच्या वर्तुळाच्या बाहेरच्या कडेजवळ असावं. लॅटरलवर ते बॉडीच्या मागच्या कडेला पोहोचलं, तरी एपीवर त्याने वर्तुळाची आतली कड ओलांडलेली नसावी. ओलांडली असेल, तर तिथेच थांबा.

टॅप मारण्याआधी आणि नंतर बॉल-टिप फीलरने पाच बाजू तपासा: तळ आणि चार भिंती. प्रोब सरकताना एकसारखी खरखर लागली पाहिजे. अचानक प्रतिकार संपून टोक सुटलं, तर बहुधा भिंत फुटली आहे. भिंत गेलेली सापडली, तर त्याच वाटेने स्क्रू घालू नका, कारण तो परत त्याच पोकळीत शिरतो. प्रवेशबिंदू थोडा बदला, सरळ टोकाच्या प्रोबने नवी वाट करा आणि ती पुन्हा तपासा.

ऑपरेशननंतर

जागं झाल्यावर मांडीच्या पुढच्या भागातून नडगीच्या आतल्या बाजूकडे जाणारी नवी कळ, गुडघा सरळ करण्यात कमजोरी आणि गुडघ्याचा मंद झालेला रिफ्लेक्स ही एल-४ रूटची खूण आहे. याला सूज समजून दिवस घालवू नका, सीटी करा. स्क्रू भिंतीबाहेर किती गेला, हे गर्ट्झबाइन-रॉबिन्स पद्धतीने मोजतात: २ मिमीपेक्षा कमी म्हणजे बी, २ ते ४ म्हणजे सी, ४ ते ६ म्हणजे डी आणि त्यापुढे ई. लक्षणं नसतील, तर बी ग्रेडचा स्क्रू सहसा तसाच ठेवतात. लक्षणं आणि सीटी जुळत असतील, तर ग्रेड काहीही असो, स्क्रू काढून दिशा बदलण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.