शाळेच्या बसचा ब्रेक-इव्हन आलेख विश्वस्तांना पाठवताय? या चुका टाळा

मी एका शिक्षणसंस्थेत वित्त अधिकारी आहे. नव्या बससेवेचा ब्रेक-इव्हन आलेख मी विश्वस्तांना पहिल्यांदा ई-मेलने पाठवला, तेव्हा त्यांच्यातल्या वकीलसाहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं: "३४ मुलांवर खर्च निघतो म्हणता, मग ४५ मुलं आली तर उत्तमच की!" माझ्या आलेखात तसंच दिसत होतं. प्रत्यक्षात ४५ मुलांवर संस्थेला जवळजवळ सात लाखांचा खड्डा पडला असता. चूक त्यांच्या वाचण्यात नव्हती, माझ्या आलेखात होती.

हिशोब असा. बस ४० मुलांची, किंमत २० लाख. वर्षाला ड्रायव्हरचा पगार २,१६,०००, महिला मदतनीस १,२०,०००, विमा-परवाना-फिटनेस ९०,०००, टायर आणि दुरुस्ती ८४,०००, घसारा २,००,०००, कर्जावरचं व्याज सुमारे १,१०,०००. डिझेल दिवसाला ६० किलोमीटर, लिटरला ५ किलोमीटर आणि ९० रुपये, शाळेचे दिवस २२०, म्हणजे २,३७,६००. एकूण १०,५७,६००. फी महिना ३,२०० रुपये. प्रत्येक मुलामागे वाढणारा खर्च फक्त ओळखपत्र आणि मेसेजचा, वर्षाला ४०० रुपये.

सगळ्यात महाग चूक बारा महिन्यांच्या फीची. ड्रायव्हरला पगार बारा महिने द्यायचा, पण आपल्याकडे बसची फी दहाच महिने घेतात. ३,२०० ला १२ ने गुणलं तर मुलामागे ३८,४०० येतात आणि ब्रेक-इव्हन २८ मुलांवर दिसतो. १० ने गुणलं की ३२,०००, आणि तोच बिंदू ३४ वर जातो. चाळीसच्या बसमध्ये सहा मुलांचा फरक म्हणजे मे महिन्यात पगारासाठी दुसऱ्या खात्यातून उचल. आलेख बनवणाऱ्याला हे सहसा कळत नाही, कारण २८ हा आकडा ऐकायला छान वाटतो. ओळखायची खूण सोपी: फीची रक्कम लेखा विभागाच्या पावतीपुस्तकाशी ताडून पाहा. एका मुलाच्या वर्षाच्या पावत्यांची बेरीज ३२,००० असेल, तर आलेखात त्याहून एक रुपयाही जास्त धरायला नको.

दुसरी चूक डिझेलची. पुस्तकात डिझेल 'बदलता खर्च' असं शिकवलेलं असतं, म्हणून आपण ते मुलांच्या संख्येवर वाटतो. पण बसमध्ये दहा मुलं असोत की चाळीस, बस तेवढेच ६० किलोमीटर धावते. डिझेल किलोमीटरप्रमाणे बदलतं, आणि आपल्या आडव्या अक्षावर तर मुलांची संख्या आहे. त्या अक्षावर डिझेल स्थिर खर्चातच धरायचं. ते चाळीस मुलांवर वाटलं तर ब्रेक-इव्हन ३२ वर दिसतो, बरोबर उत्तर ३४. दोनच मुलांचा फरक, म्हणून कोणी लक्ष देत नाही. आता २४ मुलं आली असं धरा, कारण पहिल्या वर्षी तेवढीच येण्याची शक्यता जास्त. चुकीचा आलेख तोटा २,०४,००० सांगतो, खरा तोटा २,९९,०००. विश्वस्तांना नेमकी याच कोपऱ्याची धास्ती असते आणि नेमका इथेच आलेख एक लाखाने खोटं बोलतो.

उलट्या बाजूची चूकही होते: खर्चात कर्जाचा पूर्ण हप्ता धरायचा आणि घसाराही. हप्त्यातली मुद्दल म्हणजे बसची किंमतच, आणि घसाराही तीच किंमत. महिना २५,५०० चा हप्ता आणि घसारा दोन्ही धरले की ब्रेक-इव्हन ४० वर, म्हणजे काठोकाठ भरलेल्या बसवर जातो आणि चांगला प्रस्ताव पडतो. नफा-तोट्यात घसारा आणि व्याज घ्या. बँकेतली रोकड पुरेल का, याचं उत्तर हप्ता धरून वेगळ्या दोन ओळींत द्या.

आता ते ४५ मुलांचं. मी खर्चाची रेघ सरळ ८० मुलांपर्यंत ओढली होती. पण एक्केचाळिसावं मूल आलं की दुसरी बस लागते, दुसरा ड्रायव्हर आणि दुसरी मदतनीसही. खर्च तिथे चढावाने नाही, पायरीने वाढतो. दुसऱ्या बसचा खर्च पहिलीइतकाच धरला तर आकडे असे: ४० मुलांवर २,०६,४०० शिल्लक, ४५ वर ६,९३,२०० तोटा, आणि पुन्हा खर्च निघतो तो थेट ६७ मुलांवर. एका आलेखात दोन ब्रेक-इव्हन बिंदू आहेत आणि ४१ ते ६६ हा मधला सगळा पट्टा तोट्याचा. वकीलसाहेबांना मी ही पायरी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एक्केचाळिसाव्या मुलाला प्रतीक्षायादीत ठेवायचं, हा खरा निर्णय आहे." तोच होता.

एक्सेलमध्ये ही पायरी एकूण खर्चाच्या या सूत्राने येते (A2 मध्ये मुलांची संख्या):

```
=MAX(1,ROUNDUP(A2/40,0))*1057600+A2*400
```

उत्पन्नाला `=A2*32000`. आलेख निवडताना `Line` घेऊ नका. तो मुलांच्या संख्येला नुसती नावं समजतो, त्यामुळे ४० ते ४१ आणि ४१ ते ८० ही अंतरं सारखीच दिसतात आणि रेघा भलत्याच ठिकाणी छेदतात. `Scatter with Straight Lines` घ्या आणि संख्या ०, ४०, ४१, ८० द्या. पायरी उभी दिसली म्हणजे जमलं. अक्षावर 'विद्यार्थी' न लिहिता 'पूर्ण फी भरणारे विद्यार्थी' लिहा. कर्मचाऱ्यांची सवलतीतली मुलं जागा भरतात, पैसे भरत नाहीत.

ई-मेलमध्ये माझी जुनी सवय म्हणजे 'सोबत आलेख जोडला आहे, कृपया अवलोकन व्हावे'. निम्मे विश्वस्त मोबाइलवर वाचतात, जोडपत्र उघडत नाहीत. आता पहिला परिच्छेद असा जातो:

"मा. विश्वस्त महोदय, सस्नेह नमस्कार. एका बसचा वर्षाचा खर्च ३४ पूर्ण फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांवर निघतो. बस ४० ची आहे. २४ विद्यार्थी आले तर सुमारे तीन लाख तोटा होईल, तो संस्थेला सोसावा लागेल. ४१ व्या विद्यार्थ्याला दुसरी बस लागते आणि ६६ पर्यंत पुन्हा तोटा राहतो. म्हणून पहिल्या वर्षी प्रवेश ४० वर थांबवावेत, यास मंजुरी हवी आहे."

डिझेल वाढलं तर काय, हा प्रश्न मात्र हमखास येतो, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवतो. लिटरमागे ५ रुपये वाढले तर वर्षाला १३,२०० जास्त, म्हणजे अर्ध्या मुलाची फीसुद्धा नाही. पण पालकांच्या आग्रहावरून दोन वाड्या जोडल्या आणि रोजचे १० किलोमीटर वाढले, तर ३९,६०० जातात आणि बिंदू ३४ वरून ३५ वर सरकतो. फी दोनशेने कमी केली तर ३६ वर.