मिडसेममध्ये ३० पैकी ९, मग पुढचं गणित

थर्मोडायनॅमिक्सचे गुण लागले तेव्हा रूममेट म्हणाला, "सोड रे, आता बॅकलॉगच." मी वहीचं मागचं पान उघडलं.

आमच्याकडे विषयाचे १०० गुण: अंतर्गत २०, मिडसेम ३०, एंडसेम ५०. अंतर्गत १६ मिळाले होते, म्हणजे हातात २५. पास व्हायला एकूण ४० हवेत, म्हणजे एंडसेमचे १५. पण नियमपत्रकात आणखी एक ओळ आहे आणि ती सहसा कुणी वाचत नाही: एंडसेममध्ये स्वतंत्र ४० टक्के हवेत. म्हणजे २०. शिवाय पेपर १०० चा असतो आणि गुण निम्मे करून धरतात, त्यामुळे पेपरात किमान ४०.

मला मात्र एकूण ६० हवे होते. त्यासाठी ३५, म्हणजे पेपरात ७०. एकूण ७० हवे असते तर पेपरात ९० लागले असते; तो नाद सोडला.

पेपरात पाच युनिट, प्रत्येकी २० गुण. शेवटची दोन, बाष्पचक्र आणि वायुचक्र, मला बरी येतात. तिथे १७-१७ धरले, म्हणजे ३४. उरलेले ३६ तीन युनिटांत, प्रत्येकी १२. एन्ट्रॉपीतही १२ जमण्यासारखे होते.

अंतर्गत गुण अजून कच्चे होते. ते १४ झाले तर ७० चे ७४ होणार, म्हणून आधी सरांकडून ते पक्के करून घेतले. पेपरात ७२ पडले.