पित्ताशयाची भिंत जाड निघाली असेल तर जळगावला जाण्यापूर्वीची तयारी

आईचे पित्ताशय काढले तेव्हा त्यात कर्करोग आहे का हे बघणारी एक तपासणी आमच्याकडून राहून गेली. आता चोपड्याच्या मामींच्या सोनोग्राफीत 28 मिलिमीटरचा खडा आणि "भिंत जाड, 6 मिलिमीटर" असा शेरा आला आहे. त्यांना जळगावला सर्जनकडे न्यायचे आहे, म्हणून ही तयारी घरच्यांसाठी लिहून ठेवत आहे.

कागदपत्रे, पैसे, आधार कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे सगळेच घेतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढे मात्र पहिल्याच भेटीत सांगावे. जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट न विसरता घ्यावेत, अगदी दहा वर्षांपूर्वीचे असले तरी. आजची 6 मिलिमीटरची भिंत तीन वर्षांपूर्वीही 6 होती की तेव्हा 3 होती, यावर डॉक्टरांचा विचार पुष्कळ बदलतो आणि हे जुन्या कागदाशिवाय कळत नाही.

सोनोग्राफी पुन्हा करायची झाल्यास रुग्ण खरोखर उपाशी असला पाहिजे. किमान सहा ते आठ तास पोटात अन्न नको, आणि दुधाचा चहाही नको. पहाटेच्या एस.टी.ने निघताना स्टँडवर कोणीतरी आग्रहाने चहा पाजतोच. त्यातल्या दुधातील स्निग्धांशाने पित्ताशय आकुंचन पावते आणि आकुंचन पावलेल्या पित्ताशयाची भिंत जाड नसतानाही जाड दिसते. उपाशीपोटी ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असावी. मामींची पहिली सोनोग्राफी न्याहारीनंतर झाली होती. उपाशीपोटी केलेल्या दुसऱ्या सोनोग्राफीत बहुतेक भिंत 3 मिलिमीटरच भरली, पण तळाच्या टोकाशी एकाच जागी ती 9 मिलिमीटर आणि खडबडीत निघाली.

रिपोर्टमध्ये काय वाचायचे ते या फरकातच आहे. सगळीकडे सारखी जाड झालेली भिंत बहुधा सुजेची असते. खड्यांमुळे झालेला जुना दाह, यकृताचा विकार, हृदयाची दुर्बलता, रक्तातील अल्ब्युमिन कमी होणे, इतकेच काय डेंग्यू, यांपैकी कशानेही ती जाडावते. एकाच ठिकाणी जाड, वेडीवाकडी, 10 मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे गेलेली किंवा यकृतापासून वेगळी न दिसणारी भिंत असेल, तर पित्ताशयाच्या कर्करोगाची शंका असते, म्हणून कॉन्ट्रास्ट सी.टी. झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नये. सी.टी.साठी मूत्रपिंडाच्या तपासणीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, ताजा रिपोर्ट जवळ ठेवावा. "भिंत जाड आहे" एवढ्यावर घाबरू नये, आणि "दुखत नाही ना, मग राहू द्या" असे म्हणणाऱ्यांचेही ऐकू नये, कारण हा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. खडे असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही हे खरे आहे, पण तो ज्यांना होतो त्यांच्यातील बहुतेकांच्या पित्ताशयात खडे सापडतात. 1 सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांच्या तुलनेत 3 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांत धोका सुमारे दहापट मानला जातो. मामींचा खडा या रेषेच्या अगदी जवळ आहे.

आता मुख्य गोष्ट. काढलेले पित्ताशय हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला गेलेच पाहिजे. ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात काचेच्या छोट्या बाटलीत खडे दिले जातात, सगळे ते उजेडात धरून बघतात आणि काम झाले असे समजतात. खड्यांत काही कळत नाही. जे कळायचे ते पित्ताशयाच्या पिशवीच्या भिंतीत असते. आईच्या वेळी आमच्या हाती बाटली आली आणि पिशवी कुठे गेली हे आम्ही विचारलेच नाही. सी.टी. निर्दोष आली तरी विचारावे, कारण काही कर्करोग केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात. भरती होतानाच विचारावे, ऑपरेशनच्या आदल्या रात्री पुन्हा विचारावे, आणि ऑपरेशन संपल्यावर पिशवी फॉर्मॅलिनमध्ये ठेवली का, लॅबच्या चिठ्ठीवर मामींचे नाव आहे का, हे एकाने स्वतः बघावे.

घरी आल्यावर तो रिपोर्ट आणणे हे कोणा एकाचे काम ठरवून द्यावे, नाहीतर टाके निघाले की सगळे विसरतात. त्यात कर्करोग निघाला आणि तो आतल्या अस्तरापुरताच असून कडा स्वच्छ असतील, तर झालेले ऑपरेशन सहसा पुरते. स्नायूंच्या थरात किंवा त्यापुढे गेला असेल, तर यकृताचा थोडा भाग आणि लसिकाग्रंथी काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो, आणि तिथे उशीर परवडत नाही. स्लाइड व मेणातला ब्लॉक लॅबकडून मागून घ्यावा; दुसऱ्या डॉक्टरांना तोच लागतो.

ऑपरेशन दुर्बिणीतून असेल तर पित्ताशय न फाडता वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढणार का, एवढे विचारावे. कपडे, डबा आणि सोबतीचे माणूस यांची सोय मामा बघतील. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट मी आणणार आहे.